निचरा

माझ्या मामांच्या तोंडात उजव्या बाजूची टाळू नाही. त्या जागी कवळीसारखी एक गुलाबी प्लेट बसते. ती जागेवर असली की बोलणं जवळजवळ पूर्वीसारखं असतं. रात्री ती काढून पाण्यात ठेवली की तोंड आणि नाक यांच्यातली भिंतच नाहीशी होते, ओठ मिटून धरलेली हवा नाकावाटे निघून जाते आणि ‘प’चा ‘म’ होतो. मामांची राहात्याला पेरूची बाग आहे. रात्रीच्या वेळी ते त्या बागेतल्या फळाला ‘मेरू’ म्हणतात आणि स्वतःच हसतात.

ही भिंत २०२१च्या मे महिन्यात गेली. ती का गेली हे समजून घ्यायला मला नंतर बरंच वाचावं लागलं. मी कॉम्प्युटर इंजिनिअर. शरीराशी माझा संबंध बारावीला जीवशास्त्र सोडलं तेव्हाच संपला होता. पण त्या मे महिन्यात एक चुकीचं वाक्य मी बोललो होतो, आणि ते चूक का होतं हे नीट कळेपर्यंत मला चैन पडणार नव्हतं. शोधत शोधत मी पाचशेहून जास्त वर्षं मागे गेलो आणि नाकाच्या भिंतींचा इतिहास वाचून परत आलो. हा लेख त्याचाच आहे.

आधी ते वाक्य. एप्रिलमध्ये मामांना कोरोना झाला. मधुमेह दहा वर्षांचा, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही. ऑक्सिजन लागला, स्टेरॉइड लागली, साखर चारशेच्या वर गेली. तरी ते सुटून घरी आले. माझी नोकरी पुण्याची, पण तेव्हा घरूनच काम चालू होतं, म्हणून मी राहात्यातच होतो. शिर्डीचं मंदिर बंद, नगर-मनमाड रस्त्यावरचे पेरूचे स्टॉल बंद, सगळं गाव दारं लावून बसलेलं. घरी आल्यावर आठवड्याने मामा म्हणाले, “वरच्या दाढा लई ठणकायला लागल्यात रे. हालत्यात पण.” मी म्हणालो, “मामा, दात आहे, दुसरं काही नाही. दवाखान्यात आत्ता नका जाऊ, परत लागण व्हायची. मी गोळी आणतो.”

मी गोळी आणली. असे सहा दिवस गेले.

वरच्या दाढा आणि गाल यांचं नातं पहिल्यांदा कागदावर उतरवलं ते बहुधा लिओनार्दो दा विंचीने. १४८९मध्ये त्याने कवटी उभी कापून तिची चित्रं काढली. त्यात गालाच्या हाडाच्या आत एक पोकळी दिसते आणि तिच्या तळाशी दाढांची मुळं. या पोकळीतल्या रसावर दातांची मुळं पोसली जातात, असा त्याचा समज होता. समज चुकीचा, चित्र अचूक. पण ही चित्रं पुढची चारशे वर्षं खाजगी संग्रहांत पडून राहिली आणि वैद्यकाला त्यांचा काही उपयोग झाला नाही.

म्हणून त्या पोकळीला नाव मिळालं ते दुसऱ्याचं. नॅथॅनिएल हायमोर हा इंग्लंडमधल्या शेरबर्न गावचा डॉक्टर. १६५१मध्ये त्याने शरीररचनेवर एक ग्रंथ लिहिला आणि रक्ताभिसरण शोधणाऱ्या विल्यम हार्वेला अर्पण केला. त्यात एका बाईची हकीकत आहे. तिचा वरचा सुळा काढला आणि त्या भोकातून सतत पाणी वाहू लागलं. हे येतंय कुठून, म्हणून तिने भोकात चांदीची सुई घातली. सुई वर वर जात थेट डोळ्याच्या खालपर्यंत गेली. मग तिने पिसाची लांब काडी घातली. तीही आत शिरत गेली, कुठे टेकेचना. आपण मेंदूपर्यंत पोचलो, असं वाटून बाई घाबरली. खरं तर काडी आत वळून गोल फिरत होती. हायमोरने तिला हाडातली ती पोकळी दाखवली आणि समजावलं, की गालात प्रत्येकालाच अशी गुहा असते आणि तिचा तळ दातांच्या मुळांना अगदी खेटून असतो. काही ठिकाणी मध्ये कागदाएवढंच हाड असतं.

बाईची भीती वेडगळ नव्हती. त्या काळी शिकलेले लोकही शेंबूड मेंदूतून गळतो असंच मानत. नाकाच्या छताला चाळणीसारखं एक हाड आहे, त्याच्या बारीक भोकांतून मेंदूतला कफ खाली झिरपतो, असं ग्रीक वैद्यकापासून चालत आलं होतं. मेंदूखालच्या ग्रंथीला आपण आजही पिट्युटरी म्हणतो, ते या कफाच्याच लॅटिन नावावरून. विटेनबर्गच्या कॉनराड श्नायडरने १६६०च्या दशकात सर्दीवर जाडजूड ग्रंथ लिहून दाखवलं, की त्या भोकांतून वासाच्या नसा येतात, कफ येत नाही. कफ नाकाचं अस्तर स्वतःच तयार करतं. सर्दी मेंदूतून नाकात उतरली ती अशी. एवढी साधी गोष्ट कळायला दीड हजार वर्षं लागली.

आता नाकाचा नकाशा थोडा पाहू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. नाक बाहेरून दिसतं तेवढं नसतं. नाकपुडीतून सरळ मागे घशापर्यंत बोटभर लांबीची एक अरुंद गल्ली आहे. तिचा तळ म्हणजे आपली टाळू. छत म्हणजे ते चाळणीचं हाड, आणि त्याच्या वर मेंदू. आतली भिंत म्हणजे मधला पडदा, पुढे कुर्चेचा आणि मागे हाडाचा. तो बहुतेकांचा थोडा वाकडाच असतो आणि त्यात बिचकण्यासारखं काही नाही. खरी भानगड आहे बाहेरच्या भिंतीत, म्हणजे गालाकडच्या आणि डोळ्याकडच्या.

या भिंतीवरून तीन पातळ हाडं शिंपल्यांसारखी वळून खाली लोंबतात. डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. घराच्या भिंतीवर एकाखाली एक तीन पत्र्याच्या पागोळ्या लावल्या आहेत असं समजा. प्रत्येक पागोळीखाली एक आडोसा तयार होतो आणि भिंतीपलीकडच्या खोल्यांची गटारं या आडोशांत उघडतात. खोल्या म्हणजे सायनस. प्रत्येक बाजूला गालात एक, कपाळात एक, नाक आणि डोळा यांच्यामध्ये मधाच्या पोळ्यासारखा बारीक कप्प्यांचा एक पुंजका, आणि अगदी मागे, कवटीच्या मध्याशी एक.

सगळ्यात खालच्या आडोशात फक्त डोळ्यातल्या अश्रूंची नळी उघडते. रडताना नाक गळतं ते त्यामुळे. वरच्या आडोशात पुंजक्याचे मागचे कप्पे उघडतात. सगळ्यात मागची खोली त्याच्याही वर, मागच्या कोनाड्यात उघडते. पण मधल्या आडोशात कपाळाची खोली, गालाची खोली आणि पुंजक्याचे पुढचे कप्पे ही तिन्ही गटारं काही मिलिमीटरच्या अंतरात येतात. मी ज्या कामात आहे तिथे असं काही डिझाइन केलं तर वरिष्ठ विचारतील, की हा एक बिंदू बंद पडला तर तिन्ही बंद पडतील, हे दिसलं नाही का? नाकाचं नेमकं तसंच होतं. सर्दीने मधल्या पागोळीचं अस्तर एक-दोन मिलिमीटर सुजलं तरी गाल आणि कपाळ एकदम जड होतात.

व्हिएन्नाच्या एमिल झुकरकांडलने १८८२च्या सुमारास हा नकाशा मिलिमीटरनिशी काढला. शेकडो प्रेतांची नाकं त्याने कापून पाहिली. आजही नाकाचा शल्यविशारद त्याचीच वाट चालतो.

गालाच्या खोलीत एक विचित्रपणा आहे. प्रौढ माणसात ती साधारण पंधरा मिलिलिटरची, म्हणजे तीन चमचे पाणी मावेल एवढी. तिचा दरवाजा मात्र तळाशी नाही, भिंतीच्या वरच्या टोकाला, जवळजवळ छताशी आहे. म्हणजे उभ्या माणसात हे गटार चढावर आहे. हे वाचलं तेव्हा मला मामांची जमीन आठवली. आमच्याकडे गोदावरीच्या उजव्या कालव्याचं पाणी येतं. पाणी आलं तसा ऊस आला, आणि उसाबरोबर सखल रानं चिबड झाली. पाणी द्यायची सोय होती, काढून द्यायची नव्हती. मामांचे वडील सांगायचे, जमिनीला पाणी लागतं तेवढाच निचरा लागतो. मग लोकांनी चर खणले, सगळ्यात खालच्या अंगाने. कोणीही शेतकरी चर खालच्याच अंगाने खणेल.

एकोणिसाव्या शतकातल्या सर्जननीही हाच विचार केला. गालात पू साठतो, दरवाजा वर आहे, मग खाली एक भोक पाडा. न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॉल्डवेलने १८९३मध्ये आणि पॅरिसच्या आंरी ल्यूकने १८९७मध्ये, एकमेकांशी संबंध नसताना, जवळजवळ एकच शस्त्रक्रिया मांडली. वरचा ओठ उचलायचा, हिरडीच्या वर सुळ्याजवळचं पातळ हाड फोडून गालात शिरायचं, आतलं सडकं अस्तर खरवडून काढायचं आणि सगळ्यात खालच्या आडोशात नवी खिडकी पाडायची. पू आपल्या वजनाने खाली येईल. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभर सायनसचं ऑपरेशन म्हणजे हेच होतं. काहींना बरं वाटे. पुष्कळांचा त्रास मात्र खिडकी उघडी असूनही चालूच राही, आणि का ते कळत नसे.

कारण नाक हे शेत नाही. सायनसच्या अस्तरावर डोळ्याला न दिसणारे केस असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि वरचा चिकट थर मिनिटाला जेमतेम सेंटिमीटरभर, कधी त्याहूनही कमी वेगाने पुढे सरकवत राहतात. नाक आणि सायनस मिळून दिवसाला अर्धा ते एक लिटर शेंबूड बनवतात आणि आपण तो नकळत गिळतो. या केसांना एकच दिशा ठाऊक असते, ती म्हणजे मूळ दरवाजाची. अमेरिकेतल्या अँडरसन हिल्डिंगने १९४१मध्ये सशांच्या निरोगी सायनसना अशा खिडक्या पाडून पाहिल्या. सायनस सुधारण्याऐवजी बिघडले.

ही गोष्ट माणसात प्रत्यक्ष पाहिली ती ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातल्या वॉल्टर मेसरक्लिंगरने. मृत्यूनंतरही हे केस काही काळ हलत राहतात. त्याने नुकत्याच मेलेल्या माणसांचे सायनस उघडून अस्तरावर थेंब ठेवले आणि ते कुठे जातात ते बघत बसला. गालाच्या खोलीत थेंब तळापासून चांदणीच्या आकारात सगळ्या भिंतींवरून वर चढतात आणि छताजवळच्या मूळ दरवाजाकडेच जातात. वाटेत सर्जनने पाडलेली भलीमोठी खिडकी आली, तरी तिच्या कडेने वळसा घालून जातात. निचरा उताराने नाही, केसांनी होतो. मग उपाय सरळ होता. खोली खरवडायची नाही, नवी खिडकी पाडायची नाही. मधल्या आडोशातला अडथळा दूर करायचा, बाकी काम केस करतील. इंग्लंडमधल्या हॅरॉल्ड हॉपकिन्सने काचेच्या कांड्यांची दुर्बीण तयार केल्यामुळे त्या आडोशात डोकावणं शक्य झालं होतं. मेसरक्लिंगरचं पुस्तक १९७८ साली इंग्रजीत आलं, त्याचा सहकारी हाइन्झ श्टामबर्गर आणि बाल्टिमोरचा डेव्हिड केनेडी यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत जगभर नेली. आज तालुक्याच्या गावातसुद्धा ‘दुर्बिणीने सायनस’ अशी पाटी दिसते, ती याच शोधाची.

इथवर वाचलं तेव्हा मला ही गोष्ट मोठी समाधानाची वाटली होती. निसर्गाचा दरवाजा ओळखा, तो मोकळा करा, बाकी सोडून द्या. मग मी मामांच्या फाइलमधला शस्त्रक्रियेचा कागद पुन्हा काढला. त्यात यातलं काहीच नव्हतं. मधली पागोळी काढली. गालाची खोली पूर्ण उघडून रिकामी केली. पुढची भिंत ओठाखालून काढली. उजवी टाळू आणि वरच्या दाढांचं हाड काढलं. म्हणजे कॉल्डवेल आणि ल्यूकची जुनी वाट, आणि तीही पुरली नाही म्हणून आणखी पुढे.

कारण मामांना झालं ते निचरा तुंबल्याने होणारं दुखणं नव्हतं. नेहमीचा जंतुसंसर्ग दरवाजाचे नियम पाळतो. दरवाजा सुजून बंद होतो, आतला ऑक्सिजन संपतो, केस मंदावतात, साठलेल्या चिकट पाण्यात जंतू वाढतात. दरवाजा उघडला की उतार पडतो. तो भिंत ओलांडतो तेव्हाही बहुधा ठरलेल्या पातळ जागी. लहान मुलांत नाक आणि डोळा यांच्यामधल्या भिंतीतून डोळ्याच्या खोबणीत, आणि कपाळाच्या खोलीतून हाडात. कपाळावर येणाऱ्या त्या मऊ गळवाचं वर्णन लंडनच्या पर्सिव्हल पॉटने अठराव्या शतकातच करून ठेवलं आहे.

काळी बुरशी भिंतींना जुमानत नाही, कारण ती पोकळीतून नाही तर रक्तवाहिन्यांतून चालते. तिचे बीजाणू मातीत, शेणखतात, कुजणाऱ्या पाल्यात असतात. तुम्ही-आम्ही ते रोज हुंगतो आणि पांढऱ्या पेशी त्यांना नाकातच मारतात. साखर खूप वाढली, रक्त आम्ल झालं, वरून स्टेरॉइडने पांढऱ्या पेशी लुळ्या केल्या, की बीजाणू अस्तरावर रुजतो. आम्ल रक्तात प्रथिनांना बांधलेलं लोह सुटतं आणि बुरशीला ते हवंच असतं. तिचे धागे रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतात, आत गुठळी होते, पुढचा भाग रक्ताविना मरतो आणि काळा पडतो. काळेपणा बुरशीचा नाही, मेलेल्या मांसाचा आहे.

मधुमेही माणसाच्या नाकातून डोळ्यात आणि मेंदूत जाणारं हे दुखणं अमेरिकेतल्या तिघा डॉक्टरांनी १९४३मध्ये वर्णन केलं. तिन्ही रुग्ण दगावले होते. भारतात कोरोनाआधीही ते इतर देशांपेक्षा बरंच जास्त दिसे, कारण ताब्यात नसलेला मधुमेह इथे भरपूर. तरी २०२१च्या मे महिन्यात जे झालं तसं कुठेच झालं नव्हतं. २० मे रोजी केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली आणायला सांगितलं. देशभरच्या नेत्रतज्ज्ञांनी मिळून त्या साथीतल्या २,८२६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यात ७८ टक्क्यांना मधुमेह होता आणि ८७ टक्क्यांना स्टेरॉइड मिळालं होतं. मामा दोन्हीत बसतात.

आता दाढ. बुरशी बहुधा मधल्या पागोळीवर रुजते. तिच्या मागच्या टोकाजवळ बाहेरच्या भिंतीत एक छोटं भोक आहे. त्यातून नाकाची मुख्य रक्तवाहिनी आत येते. त्या भोकापलीकडे, गालाच्या खोलीच्या पाठीमागे, नखाएवढी एक कोठडी आहे. गालाच्या, टाळूच्या, वरच्या दातांच्या नसा आणि रक्तवाहिन्या इथून सुटतात. जंक्शनच म्हणा. एक वाट डोळ्याच्या खोबणीत, एक मागे मेंदूच्या तळाशी, एक खाली टाळूत, एक दाढांच्या मुळांना. इराणमधल्या शल्यविशारदांनी २००५मध्ये मांडलं होतं, की बुरशी आधी इथे येते आणि इथून सगळीकडे जाते. हे खरं धरलं तर मामांच्या तक्रारी एका ओळीत लागतात. आधी दाढांचं हाड मेलं, म्हणून त्या हलल्या. एकच दाढ किडली असती तर एकच दुखली असती. मामांच्या तीन दाढा एकदम हलत होत्या आणि एकही किडलेली नव्हती. हे मी बघितलं होतं. बॅटरी लावून बघितलं होतं आणि तरी ‘दात आहे’ म्हणालो होतो.

सहाव्या दिवशी मामा दाढी करत होते. म्हणाले, “या गालाला वस्तरा लागतोय का नाय, कळंना गड्या.” डोळ्याखालून गालाकडे, वरच्या ओठाकडे जाणारी एक नस गालाच्या खोलीच्या छतातून जाते. ती मेली की गाल बधिर होतो. साध्या सायनसमध्ये गाल दुखतो, जड होतो, पण बधिर होत नाही. मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. फक्त ‘कळंना’ हा शब्द ऐकून पोटात गोळा आला. संध्याकाळपर्यंत उजवी पापणी सुजली.

दुसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. सगळं गुलाबी, ओलं. मध्ये एक पागोळी कोरडी आणि काळपट. त्यांनी सळईने तिला टोचलं. मामांना कळलं नाही, रक्तही आलं नाही. डॉक्टर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग तोंड उघडायला सांगितलं. टाळूवर उजव्या बाजूला करडा डाग होता आणि तो बरोबर मधल्या रेषेवर थांबला होता, पट्टीने आखल्यासारखा. टाळूच्या दोन्ही बाजूंना आपापली रक्तवाहिनी असते, म्हणून. काढलेला तुकडा पोटॅशच्या द्रावणात घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, दोन तासांत उत्तर आलं. रुंद, फितीसारखे धागे, मध्ये पडदे नाहीत, फांद्या काटकोनात फुटलेल्या.

मेलेल्या मांसात रक्त जात नाही, म्हणजे औषधही जात नाही. म्हणून ही शस्त्रक्रिया मेसरक्लिंगरच्या उलट असते. जिथे रक्त येईल तिथपर्यंत कापत जायचं. सर्जनने आम्हाला आधीच सांगितलं होतं, की टेबलावर किती जाईल ते आत्ता सांगता येणार नाही. एमआरआयमध्ये बुरशी डोळ्याच्या खोबणीच्या दारात होती, आत शिरलेली नव्हती. नाक आणि डोळा यांच्यामधल्या भिंतीला शरीरशास्त्रात कागदी पडदा म्हणतात, इतकी ती पातळ. ती त्यांनी काढली, मागची कोठडी उघडून साफ केली, डोळा ठेवला. टाळू ठेवता आली नाही.

मग इंजेक्शन. ॲम्फोटेरिसिन हे औषध व्हेनेझुएलात ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जंतूपासून १९५०च्या दशकात काढलेलं. मातीतल्या बुरशीवर मातीतलंच औषध. साधं ॲम्फोटेरिसिन मूत्रपिंड बिघडवतं, म्हणून चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरलेलं वापरतात. मात्रा किलोला पाच मिलिग्रॅम. मामांचं वजन तेव्हा साठ किलो भरलं, म्हणजे दिवसाला तीनशे मिलिग्रॅम; बाटली पन्नासची, म्हणजे रोज सहा बाटल्या. तीन आठवड्यांच्या एकशे सव्वीस. त्या वेळी बाटली बाजारात मिळत नव्हती, जिल्हा प्रशासनाकडून वाटप होई. मी एक शीट बनवली होती. कुठे चौकशी केली, कोणी काय सांगितलं, किती मिळाल्या. दोन दिवस चारच बाटल्यांवर काढावे लागले. रोज पोटॅशियम तपासायचं, कारण हे औषध ते घटवतं. मामी त्या वॉर्डबाहेरच्या बाकावर तेवीस दिवस होत्या.

मामा वाचले. साखर आता रोज वहीत लिहितात. कधीकधी मीच सहा दिवसांचा विषय काढतो. मामा म्हणतात, “तुला काय ठाऊक रे. मह्या दाढा, मलाच कळलं न्हाई.” मग वहीत डोकं घालतात.

त्यांच्या उजव्या गालात आता पागोळ्या नाहीत, आडोसे नाहीत, दरवाजा नाही. एकच मोठी खोली आहे, आणि तिच्या बऱ्याच भागावर ते केस परत आले नाहीत. आतलं पाणी आपोआप पुढे सरकत नाही, वाळून खपल्या धरतं. म्हणून रोज संध्याकाळी मामा प्लेट काढतात, उकळून कोमट केलेलं मिठाचं पाणी मोठ्या सिरिंजमध्ये भरतात आणि मोरीशी वाकून गालाची खोली धुतात. सिरिंज दोनदा मारायची, मान तिरकी करायची, पाणी नाकातून आणि तोंडातून येऊ द्यायचं, स्वच्छ येईपर्यंत. परवा कालव्याचं आवर्तन सुटलं होतं आणि बागेला पाणी धरायचं होतं. मी म्हणालो, “मामा, आधी बारे देऊन घ्या, धुणं नंतर करा.” त्यांनी प्लेट आधीच काढलेली होती. हातानेच ‘थांब’ म्हणाले आणि सिरिंज भरू लागले.